पांढऱ्या खनिजांचा ट्रे आणि कुलपातलं ॲसिड

बी.एस्सी.च्या जिऑलॉजी प्रॅक्टिकलला दोन तक्ते करून द्यायचे होते, एक खडकचक्राचा आणि एक खनिजं ओळखण्याचा. खडकचक्राचा एका बैठकीत उरकला. त्यात खडकांच्या नावांपेक्षा बाणांवर काय लिहिता ते महत्त्वाचं. बेसॉल्टपासून गाळाच्या खडकापर्यंतच्या बाणावर झीज, वहन, साचणं आणि घट्ट होणं हे सगळं यायला हवं. नुसता बाण काढला की तोंडीला अडकवतात.

धातूसारखी चमकणारी खनिजंही पटकन झाली. गॅलेना हातात घेतलं की वजनावरूनच कळतं. पायराइटवर चाकू चालत नाही, चाल्कोपायराइटवर चालतो. हेमॅटाइट काळपट दिसलं तरी स्ट्रीक प्लेटवर घासलं की त्याचा कस, म्हणजे उमटलेल्या भुकटीचा रंग, लालच येतो.

सगळा वेळ खाल्ला तो पांढऱ्या ट्रेने. क्वार्ट्झ, ऑर्थोक्लेज, कॅल्साइट, बराइट, जिप्सम आणि स्टिलबाइट, सगळी पांढरट नाहीतर फिक्कट गुलाबी. छापील तक्त्यात पहिले तीन रकाने रंग, चमक आणि कस यांचे. रंग पांढरा, चमक बहुतेकांची काचेसारखी, कस सगळ्यांचा पांढरा. म्हणजे तीन रकाने भरूनही आपण होतो तिथेच! मी ते तिन्ही उचलून शेवटी टाकले आणि काठिण्य पहिलं घेतलं. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम, कारण त्याचं काठिण्य 2 आणि नखाचं अडीचच्या आसपास. चाकूने ओरखडा उठला तर कॅल्साइट, बराइट किंवा स्टिलबाइट. नाही उठला तर क्वार्ट्झ किंवा ऑर्थोक्लेज. ओरखडा उठल्यासारखा वाटला तर बोट ओलं करून पुसून बघा. पुसला गेला तर तो चाकूच्या लोखंडाचा माग असतो. जुन्या पुस्तकांत साडेतीन काठिण्यासाठी तांब्याचं नाणं वापरायला सांगतात, पण आपल्याकडे आज तांब्याची नाणी चालत नाहीत, त्याऐवजी तांब्याच्या तारेचा तुकडा ठेवा.

क्वार्ट्झ आणि ऑर्थोक्लेज वेगळी करताना फुटलेली बाजू बघायची. ऑर्थोक्लेज दोन दिशांनी, जवळजवळ काटकोनात, सपाट फुटतं. नमुना उजेडात फिरवला की पायऱ्या पायऱ्यांची सगळी पृष्ठं एकदम लकाकतात. क्वार्ट्झला असं सपाट फुटणं, म्हणजे पाटन, दिसत नाही, ते काचेसारखं वाकडं फुटतं. स्फटिकाची मूळ बाजू सपाट असते म्हणून तिला पाटन समजू नये.

उरली तीन, आणि तिथे ॲसिड लागतं, कारण तिघांत फसफसतं ते फक्त कॅल्साइट. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सरांकडे आणि सर मीटिंगला. ‘सर आले की देतो,’ एवढंच उत्तर. सबमिशनची तारीख मात्र कोणी पुढे ढकलत नव्हतं. शेवटी मी घरून व्हिनेगर नेलं. अखंड कॅल्साइटवर ते फारसं काही करत नाही, पण चाकूने खरवडून काढलेल्या भुकटीवर टाकलं की भिंगातून बारीक बुडबुडे दिसतात.

बाटली अखेर मिळाली तेव्हा खरी पंचाईत पुढे आली. स्टिलबाइट फसफसलं! आमच्या बॅचमध्ये बऱ्याच जणांनी तिथे कॅल्साइट लिहून टाकलं. मी भिंग लावलं तर बुडबुडे फक्त एका कडेच्या खाचेतून येत होते आणि लगेच थांबले. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटांच्या, म्हणजे स्टिलबाइटच्या गटातल्या खनिजांच्या, सोबतीने कॅल्साइटही वाढतं, त्याचा पातळ थर स्टिलबाइटवर बसलेला असतो. फसफसत होता तो थर. ताज्या फुटलेल्या पृष्ठावर थेंब टाकला तर काहीच झालं नाही. म्हणून ‘ॲसिड’ या रकान्यात नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहू नका. कुठे टाकलं आणि किती वेळ फसफसलं तेही लिहा. थेंबानंतर नमुना पाण्याने धुवायचा, नाहीतर पुढचा विद्यार्थी तुमचंच ॲसिड तपासत बसतो. आमच्या ट्रेमधले निम्मे नमुने तसेच चिकट होते.

शंका राहिलीच तर पाटन बघा. कॅल्साइट तीन दिशांनी फुटून तिरक्या डबीसारखे तुकडे देतं. स्टिलबाइटला एकच चांगलं पाटन, त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक, आणि स्फटिक मध्ये बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे. बराइटला तर ॲसिडची गरजच नव्हती. त्याचं विशिष्ट गुरुत्व साडेचारच्या आसपास, स्टिलबाइटचं 2.2 च्या जवळपास. सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन तळहातांवर घेतले की डोळे मिटूनही फरक कळतो. हे आधी आठवलं असतं तर किल्लीची वाट बघत निदान बराइटची ओळ तरी भरून ठेवली असती.