टाचेमागचं हाड

रत्नागिरीच्या पावसात भिजून वाळलेले चामडी बूट मागून लाकडासारखे कडक होतात. आज ताईने बूट काढले, तर टाचेमागचा हाडाचा उंचवटा लालभडक, हात लावू देईना.

डॉक्टर म्हणाले, हाड बर्फाने कमी होणार नाही. हाड आणि टाचेची शीर यांच्यामधली द्रवाची छोटी पिशवी घासून सुजलीय, ती उतरेल. त्यासाठी घासणं थांबायला हवं. दोन्ही बुटांत टाचेखाली पॅड घालायचं. टाच उचलली की उंचवटा त्या कडक भागावरून सरकतो, शिरेवरचा ताणही हलका होतो. मात्र बुटाची कड नेमकी उंचवट्यावरच आली, तर पॅडची जाडी बदलायची. संध्याकाळी फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं बर्फ. ताईला तर मी मागून उघड्या चपलाच घालायला लावल्यात, सूज उतरेपर्यंत.