थायरॉईडची गोळी चालू होती, तरी वजन हलत नव्हतं

रोज सकाळी ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉईडची गोळी घेऊनही माझा टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं संप्रेरक, ८.२ आला, तेव्हा डोस वाढवून मिळेल असं गृहीत धरूनच मी डॉक्टरांकडे गेले. साधारण ०.४ ते ४ ही त्याची नेहमीची मर्यादा, म्हणजे गोळी कमी पडतेय हे उघड होतं. पण त्यांनी आधी विचारलं, "गोळी कशी घेता? सोबत आणखी काय चालू आहे?"

लोहाची गोळी चालू होती. पाळीत रक्तस्राव फार होत असल्याने दुसऱ्या डॉक्टरांनी ती दिली होती आणि दोन्ही गोळ्या मी एकदमच घेत असे. गंमत म्हणजे थायरॉईड कमी असेल तर पाळी जास्त जाते, त्यातून लोह कमी होतं, आणि ते भरून काढायला घेतलेलं लोह पोटात थायरॉईडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनला चिकटून त्याचं शोषण अडवतं. कॅल्शियमही तेच करतं. म्हणून डोस न वाढवता फक्त वेळा बदलल्या. थायरॉईडची गोळी उठल्यावर साध्या पाण्यासोबत, त्यानंतर पाऊण ते एक तास कॉफी किंवा खाणं नाही, आणि लोह किमान चार तासांनी. माझं लोह दुपारच्या जेवणानंतर गेलं. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांना रात्री, शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी गोळी घेता येते, पण डॉक्टरांना विचारून. आणि एकदा ठरवलेली वेळ बदलू नये.

तपासणी लगेच करायची नव्हती. टीएसएच नव्या पातळीवर स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. आधी तपासलं तर आकडा फसवा येतो. केसांसाठी मी बायोटिन घेत होते, तेही तपासणीआधी दोन दिवस बंद करायला सांगितलं. ते शरीरात असलं की काही लॅबच्या पद्धतींत अहवाल चुकीचा येतो. पुढचा टीएसएच २.६ आला. चेहऱ्याची सूज उतरली, बद्धकोष्ठ कमी झालं आणि काट्यावर जवळपास दोन किलो कमी दिसले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यात बराचसा भाग पाणी आणि मीठ आहे. थायरॉईडमुळे वाढलेलं वजन बहुधा काही किलोंचंच असतं. माझं मात्र अजून दहा-बारा किलो जास्त होतं.

मग मी विचारलंच, की डोस थोडा वाढवला तर? नाही म्हणाले. टीएसएच मर्यादेत असताना जास्तीची गोळी घेतली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. 'थायरॉईड बूस्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या, भरपूर आयोडीन असलेल्या गोळ्यांनाही त्यांनी नकार दिला. उरलेलं वजन खाण्यातूनच उतरवायचं होतं. ते ऐकून मी थोडी खट्टू झाले, खरं सांगायचं तर.

माझी पाळी अनियमितही होती, त्यामुळे पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड, आहे का हाही प्रश्न होता. पण त्याचं निदान करण्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांची तपासणी करून कारण त्यांत नाही ना, हे बघावं लागतं. टीएसएच सुधारल्यावर माझी पाळी वेळेवर आली, म्हणून तो विषय तिथेच थांबला. ती तशीच राहिली असती तर पुढची चर्चा रक्तातली साखर, इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, आणि त्यावरचं औषध मेटफॉर्मिन यांची झाली असती. पीसीओएसमध्ये वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते, म्हणजे ७४ किलोच्या बाईला साधारण चार ते सात किलो.

खाण्यात मी रोजच्या गरजेपेक्षा साडेतीनशे-चारशे कॅलरीच कमी केल्या. त्याहून जास्त कापलं की थकवा यायचा आणि तो थायरॉईडचा की उपासाचा हेच कळायचं नाही. प्रथिनं दिवसाला ८५-९० ग्रॅमच्या आसपास ठेवली. वजनं उचलण्याचा व्यायाम टीएसएच जागेवर आल्यानंतरच सुरू केला, कारण त्याआधी जिना चढतानाही मांड्या भरून यायच्या. काट्याचा आकडा मी महिन्यामहिन्याने, पाळीच्या त्याच टप्प्यावरच्या आकड्याशी ताडून बघते. पाळीआधी अंगात पाणी साठतं आणि ते उगाच घाबरवतं. कंबरेची टेप त्या मानाने भरवशाची.

आता सात किलो कमी झाल्यावर डॉक्टरांनी टीएसएच पुन्हा करायला सांगितलाय. वजन बरंच उतरलं की आधीचाच डोस जास्त ठरू शकतो. छाती धडधडणं, हात थरथरणं, झोप उडणं यातलं काही जाणवलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता यायचं, असंही बजावलंय.