५,४०० रुपयांनी खाल्लेले तीन दिवस

निपाणीत काकांचं कापडाचं दुकान आहे, त्यांचा हिशोब अजून वहीतच चालतो आणि यंदा मार्चअखेरीला ते काम माझ्या गळ्यात पडलं. बिलावरून तारखेवार रोजकीर्द लिहिली, तेच आकडे खात्याखात्यात उतरवून खतावणी केली, त्यात काही विशेष नाही, कंटाळा तेवढा येतो. मग ट्रायल बॅलन्स म्हणजे आपलं तेरीज पत्रक काढलं, त्यात नावे आणि जमा बाजूची बेरीज सारखी यायला पाहिजे, तर नावे बाजू ५,४०० ने जास्त!

बेरजा दोनदा केल्या, बरोबर. कुणीतरी सांगितलेलं की फरकाचं निम्मं करून शोध, जमेची रक्कम चुकून नावे टाकली की फरक दुप्पट येतो, म्हणून दोन दिवस २,७०० हुडकत बसलो. काका म्हणाले, "सस्पेन्स खात्यात टाक आणि मोकळा हो." टाकलं असतं तर पत्रक जुळलं असतं, पण चूक तशीच आत राहिली असती, आणि माझंही डोकं फिरलेलं.

तिसऱ्या दिवशी ९ ने भागून बघितलं. ५,४०० भागिले ९, बरोबर ६००. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की शेजारचे आकडे उलटे लिहिल्याचा संशय घ्यायचा (खात्री नव्हे). आणि ६०० आलं म्हणजे हजार आणि शेकड्याच्या आकड्यांत ६ चा फरक, जसं १७ चं ७१, २८ चं ८२. मग सगळी वही चाळायची गरज नाही, नावे बाजूला तसलेच आकडे बघायचे. दहा मिनिटांत सापडलं, इचलकरंजीहून माल आणलेल्या टेम्पोचं भाडं रोजकीर्दीत २,८५० आणि खतावणीत ८,२५०!

बरं, पत्रक जुळलं म्हणजे सगळं बरोबर असं पण नाही. मार्चचं दुकानभाडं ६,००० द्यायचं राहिलेलं, मालक कानडीत "आम्याले कोड्री", म्हणजे नंतर द्या, म्हणून गेलेले, त्याची नोंदच नव्हती आणि पत्रकाला त्याचा पत्ता नाही. भाडं नावे, देणे भाडं जमा अशी समायोजन नोंद केली, शिल्लक माल धरला, पुन्हा पत्रक काढलं, मग नफा-तोटा आणि ताळेबंद पटापट झाले.

शेवटी खाती बंद करायची. विक्री, खरेदी, टेम्पोभाडं, दुकानभाडं सगळी शून्य, नफा भांडवलात. नंतरचं पत्रक जुळलं म्हणून मी खूश, तर यादीत काकांनी स्वतःसाठी घेतलेली उचल तशीच! उचल नफा-तोट्यात जात नाही, थेट भांडवलातून वजा होते, ते मी विसरलेलो. म्हणून या शेवटच्या पत्रकात बेरजेआधी खात्यांची नावं वाचा. रोख, बँक, माल, फर्निचर, येणी, देणी, भांडवल, एवढंच राहायला पाहिजे, एक एप्रिलला वही यांच्यावरच सुरू होते.

काकांनी सगळं बघितलं आणि विचारलं, "मग ते ५,४०० मिळाले का?"