नववीचे पेपर आणि 'अपेक्षित शब्द'चा रकाना

मी पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववीला विज्ञान शिकवते. माध्यम इंग्रजी, घरी मात्र कुणाची कोंकणी, कुणाची मराठी. त्यामुळे पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा पाठ करून उतरवणं मुलांना सगळ्यात सुरक्षित वाटतं. गेल्या वर्षी पहिल्या सत्रात बाष्पीभवनावर तीन गुणांचा प्रश्न होता: मिठागरात पाणी खोल न साठवता उथळ वाफ्यांत का पसरतात? आमच्याकडे आगरवाड्याची मुलं येतात, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं.

एका मुलाने पुस्तकातला अख्खा परिच्छेद लिहिला: पृष्ठफळ, तापमान, आर्द्रता, वारा. मध्येच 'वरील कृतीत तुम्ही पाहिले' हे वाक्यही आलं, आणि वर कुठलीच कृती नव्हती. मिठागराचा उल्लेख शून्य. दुसऱ्या मुलीने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की पाणी पसरलं की जास्त पाण्याला ऊन-वारा थेट लागतो, खोल खड्ड्यात तळचं पाणी पाळीची वाट बघत राहतं. घडी घातलेला ओला कपडा सुकत नाही, तसंच. उत्तरसूचीप्रमाणे पहिल्याला तीन आणि हिला एक, कारण 'पृष्ठफळ' हा शब्द तिच्याकडे नव्हता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मी दोन्ही गुण बदलले आणि तिथेच गाडी अडकली. परीक्षा विभागाच्या छापील तक्त्यात एकच रकाना: 'अपेक्षित शब्द'. माझा तक्ता दोनदा परत आला. विभागप्रमुख सर म्हणाले, "टीचर, उद्या पालक आले तर काय दाखवणार? तुम्हाला उत्तर आवडलं म्हणून गुण दिले?" राग आला, पण मुद्दा खरा होता. शब्द मोजले तर दोन शिक्षकांचे गुण जुळतात, विचार मोजला तर जुळतीलच असं नाही. निकालाची तारीख जवळ येत होती आणि माझी कपाटातली चाळीस उत्तरपत्रिका तशाच पडून.

तीन आठवडे यात गेले. शेवटी सहकारी मॅडमना दहा उत्तरपत्रिका नावं झाकून दिल्या आणि माझ्या निकषांनी तपासायला सांगितल्या. दहापैकी चारांवर आमचे गुण वेगळे निघाले. कारण मी 'स्वतःच्या शब्दांत समजावले असल्यास' असं भोंगळ लिहिलं होतं. मग सुधारलं: योग्य घटक सांगितला, शब्द कुठलेही असोत, तर एक, तो घटक मिठागराशी जोडला तर एक, त्याने बाष्पीभवन का वाढतं, म्हणजे हवेला भिडणारा भाग वाढतो, हे कारण दिलं तर एक. प्रत्येक पायरीसाठी एक नमुना उत्तर जोडलं. दुसऱ्या वेळी दुसऱ्या दहांत फक्त एक फरक. हा कागद पाहिल्यावर सरांनी सही केली. मुलीला तीन मिळाले, मुलाला एक.

त्या मुलाला शिक्षा म्हणून एक नव्हे, हे मी त्याला बोलावून सांगितलं. पाठ करणं म्हणजे कॉपी नाही, पण चार घटकांतला मिठागराचा कुठला, हे त्याने आमच्यावर सोडलं होतं. तोंडी विचारलं तर तो लगेच म्हणाला, "उदक पसरलें जाल्यार बेगीन सुकता, टीचर." त्याला येत होतं! इंग्रजीत स्वतःचं वाक्य रचायची भीती होती. आता माझ्या चाचण्यांत व्याकरणाचे गुण मी कापत नाही, हे आधीच सांगून टाकते.

आणि प्रश्नाचा दोषही मान्य करायला हवा. 'बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक लिहा' असं विचारलं आणि परिच्छेद आला, तर पूर्ण गुण द्यावेच लागतात. तिथे कापणं अन्याय आहे. विचार हवा असेल तर पुस्तकात नसलेली परिस्थिती द्या.

स्वतःचे शब्द म्हणून गुण, असंही नाही. एकाने फार छान लिहिलं होतं की खारं पाणी गोड्यापेक्षा लवकर उडतं म्हणून मीठ मिळतं. भाषा त्याची स्वतःची, पण विधान चूक; मीठ विरघळलं की बाष्पीभवन थोडं मंदावतंच. त्याला शून्य दिला.

हे आधीच सांगायचं राहिलं: एका वेळी एकच प्रश्न सगळ्यांचा तपासा, आणि शेवटी पहिल्या पाच उत्तरपत्रिका परत उघडा. मी सुरुवातीला कडक होते, शेवटी सैल. त्या पाचांतले दोन गुण बदलावे लागले.

दुसऱ्या सत्रात पावसाळ्यात कपडे का सुकत नाहीत हे विचारलं. त्या मुलाने तीन ओळी लिहिल्या, व्याकरण चुकलेलं, पण हवेत आधीच ओल आहे म्हणून, हे कारण बरोबर. तीनपैकी तीन.