नोंद 4: तळ्याच्या पाण्याच्या एका फोटोतली चंद्रकोर

या वेळचा फोटो सूक्ष्मदर्शकाच्या 10× ऑब्जेक्टिव्हने घेतलेला आहे, रुंदी 4000 पिक्सेल. फोटोत चार गोष्टी ठळक दिसतात: काळ्या कडेचं एक वर्तुळ, हिरवा लांब धागा, कचऱ्याच्या कणाला लटकलेल्या दोन घंटा आणि मधोमध एक हिरवी चंद्रकोर. पहिल्या नजरेत चंद्रकोरीवर ‘डायटम’, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं एकपेशी शेवाळ, अशी चिठ्ठी लागली होती. ती का काढावी लागली, हे या नोंदीत आहे.

नाव शोधण्याआधी माप काढलं. स्टेज मायक्रोमीटर या काचेवरच्या मोजपट्टीवर 1 मिलिमीटरचे 100 भाग असतात, म्हणजे एक घर 10 मायक्रॉनचं. त्याच ऑब्जेक्टिव्हने आणि कॅमेऱ्याच्या त्याच सेटिंगवर काढलेल्या पट्टीच्या फोटोत दहा घरांना 250 पिक्सेल लागले. म्हणजे एक पिक्सेल 0.4 मायक्रॉन. चंद्रकोर टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषेत 700 पिक्सेल, म्हणजे 280 मायक्रॉन भरली. इथे एक चूक हमखास होते. मेसेजमधून पाठवलेला फोटो आपोआप लहान होतो. हाच फोटो 1600 पिक्सेल रुंद झाला, की तीच पेशी 280 पिक्सेलची होते, आणि जुना 0.4 चा आकडा लावला तर लांबी 112 मायक्रॉन येते. त्यामुळे माप नेहमी मूळ फाइलवर घ्यावं आणि मापपट्टी फोटोवरच छापून टाकावी. मग फोटो कितीही लहान झाला तरी पट्टीही त्याच प्रमाणात लहान होते.

आता रंग. डायटमचा रंग सोनेरी-तपकिरी असतो, कारण त्यातलं फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य हिरव्याला झाकून टाकतं. पण पिवळट दिव्यात हिरवी पेशीही तपकिरी दिसते. पहिल्यांदा घेतलेल्या फोटोत तेच झालं होतं. स्लाइडच्या रिकाम्या भागावर व्हाइट बॅलन्स करून पुन्हा फोटो घेतल्यावर चंद्रकोर आणि धागा दोन्ही गवतासारखे हिरवे निघाले. तरी नुसत्या रंगावर विसंबणं बरं नाही. मेलेल्या डायटमचं सिलिकाचं कवच पूर्ण रंगहीन असतं.

निकाल लागला तो आतल्या रचनेवर. 40× वर चंद्रकोरीच्या बरोबर मध्यावर एक फिकट आडवा पट्टा दिसतो. तिथे केंद्रक असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लांबट हरितलवक. हरितलवकात मण्यांसारखे पायरेनॉइड, म्हणजे ज्यांच्याभोवती स्टार्च साठतो ते गोळे, रांगेत बसलेले आहेत. दोन्ही टोकांना एकेक स्वच्छ पोकळी आहे आणि त्यात बारीक कण. स्थिर फोटोत ते धुळीसारखे वाटतात, म्हणून दहा सेकंदांचा व्हिडिओ घेतला: कण जागच्या जागी थरथरत होते आणि पोकळीबाहेर एकही जात नव्हता. टोकाच्या रिक्तिकेतले हे स्फटिक म्हणजे क्लोस्टेरियमची खूणच. क्लोस्टेरियम हा डेस्मिड, म्हणजे एक प्रकारचं हिरवं शेवाळ आहे. बऱ्याच डेस्मिडना मध्यभागी खाच असते, याला नसते, आणि त्यामुळेच फसगत होते.

खात्रीसाठी आयोडीन अगदी शेवटी वापरलं, कारण त्याने पेशी मरते आणि कणांची थरथर बघायची राहून जाते. कव्हरस्लिपच्या एका कडेला पातळ द्रावणाचा छोटा थेंब ठेवून समोरच्या कडेने टिपकागदाने पाणी ओढलं. पायरेनॉइडभोवतीचा स्टार्च निळा-काळा झाला. डायटम स्टार्च साठवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात हा रंग येत नाही. द्रावण दाट झालं तर सगळी पेशीच गडद तपकिरी होते आणि काहीच ठरवता येत नाही.

बाकीच्या तिघांपैकी काळ्या कडेचं वर्तुळ हा हवेचा बुडबुडा. धागा 36 मायक्रॉन रुंद, हरितलवक स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं, म्हणजे स्पायरोगायरा.

घंटांना मात्र थोडा वेळ द्यावा लागतो. दोन्ही सुमारे 50 मायक्रॉनच्या आहेत. एकीचा देठ सरळ, दुसरीचा मळसूत्रासारखा आखडलेला. हा आखडलेला देठ फोटोत सापडला नसता, तर एपिस्टायलिस हा तसाच घंटेसारखा दुसरा जीव नाकारता आला नसता, कारण त्याचा देठ आखडत नाही. देठ सुटे आहेत, फांद्या नाहीत, म्हणून नोंद ‘वॉर्टिसेला’. घंटेतला एक स्वच्छ गोल संकोचशील रिक्तिका आहे की अन्नाची पोकळी, हे एका फोटोवरून सांगता येत नाही. काही सेकंदांच्या अंतराने चार-पाच फोटो घेतले, तर हळूहळू फुगून एकदम नाहीसा होणारा गोल तो संकोचशील.

तिन्ही सजीवांच्या नोंदी प्रजातीपर्यंत नेलेल्या नाहीत. क्लोस्टेरियमसाठी पेशीची वक्रता, टोकांचा आकार आणि भित्तिकेवरच्या रेघा लागतात, आणि त्या रेघा 10× च्या फोटोत उतरतच नाहीत. स्पायरोगायराची प्रजाती बहुधा संयुग्मन होऊन बीजाणू तयार झाल्यावरच ठरवता येते, आणि या धाग्यात तसं काही दिसत नाही.