हर्णैसमोर इंजिन बंद पडलं आणि आम्ही अठरा तास वाहत गेलो

फेब्रुवारीतली फेरी. बोट बत्तीस फुटी फायबरची, दोन सिलिंडरची. मी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि चार खलाशी. पहाटे तीनला हर्णै बंदरातून निघालो, सुवर्णदुर्गाला वळसा घालून सरळ पश्चिमेला गेलो आणि उजाडायच्या सुमारास अठरा वाव, म्हणजे शंभरेक फूट खोल पाण्यात जाळं सोडलं. साडेअकराला जाळं वर आलं. बांगडा बरा होता, सुरमई चार. बर्फ टाकून परत फिरलो.

साडेबाराला इंजिनाचा आवाज बदलला. आधी फेरे वरखाली व्हायला लागले. लिव्हर मागे घेतली की इंजिन नीट चालायचं, पुढे रेटली की दम टाकायचं. मग पांढुरका धूर आला आणि इंजिन बंद पडलं. ही खूण लक्षात ठेवा. रिकामं चालताना ठीक आणि जोर लावला की मरतं, म्हणजे बहुतेक वेळा इंजिनाला डिझेल पुरेसं पोचत नसतं. या वेळी ते बंद व्हायची वाट पाहू नका. चालू आहे तोवर वायरलेसवर जवळच्या बोटींना सांगून ठेवा, कारण तेव्हा बॅटरी भरलेली असते.

मी ते केलं नाही. सगळ्यात वयस्कर खलाशी, आम्ही त्यांना काका म्हणतो, तेव्हाच म्हणाले, "तांडेला, आधी नांगर टाकूया." मी म्हणालो, दहा मिनिटांत चालू होईल काका, कशाला. त्या दहा मिनिटांचे दीड तास झाले.

फिल्टरची वाटी काढून तिच्यातलं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि बाटली उन्हात धरली. वर पिवळं डिझेल, खाली तीन बोटं पांढरं पाणी, आणि दोघांच्या मधे तपकिरी, शेवाळासारखे धागे तरंगत होते. खालच्या पाण्याचा थेंब जिभेला लावला, खारट होता. ही चव फार उपयोगी आहे. पाणी गोडं असेल तर ते ड्रममधून आलेलं असतं किंवा अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री घाम धरून साचलेलं असतं. खारट म्हणजे समुद्राचंच पाणी टाकीत शिरतंय. आमच्या टाकीचं तोंड डेकवर आहे आणि झाकणाचं रबर केव्हाचं कडक होऊन चिरलं होतं. डेक धुताना रोज थोडं थोडं पाणी आत जात होतं. शांत पाण्यात ते तळाशी बसून राहिलं. त्या दिवशी दुपारचा वायव्येचा वारा धरला, बोट हलायला लागली आणि तळाचा सगळा गाळ नळीत आला.

वाटी पुसून बसवली, नवा फिल्टर लावला आणि हवा काढायला घेतली. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू घट्ट करायचा. मग तेच इंजेक्शन पंपावर. शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारायचा. इंजिन चालू झालं, वीस मिनिटं चाललं आणि परत तसंच बंद पडलं. टाकीच्या तळाशी गाळ होताच, नव्या फिल्टरनं तरी किती धरावा? तिथे मी काय करायला हवं होतं ते आता सांगतो. टाकीला हातच लावायचा नव्हता. नळी घालून टाकीच्या वरच्या थरातलं स्वच्छ डिझेल पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये काढायचं, कॅन इंजिनापेक्षा उंच बांधायचा आणि त्याची नळी थेट फिल्टरला द्यायची. डिझेल आपल्या वजनानं खाली उतरतं. एक कॅन संपत आला की दुसरा. आमच्यासारखं इंजिन हळू चालवलं तर त्यावर बंदर गाठता येतं.

मला हे सुचलं, पण तोवर मी सेल्फ मारमारून बॅटरी संपवली होती. इंजिनाला हँडलची सोय नाही. आणि जीपीएस, वायरलेस, दिवे, सगळं त्याच एका बॅटरीवर. शेवटचा सेल्फ मारला तेव्हा नुसता टक् आवाज आला आणि वायरलेसची बत्ती विझली. आमच्या हाकेची ताकद मी स्टार्टरवर घालवली होती. आता वायरलेससाठी वेगळी बॅटरी ठेवली आहे, मधे स्विच आहे, आणि सेल्फची वायर तिला लागत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मधे दोन मिनिटं थांबायचं. सहा वेळा मारून चालू झालं नाही तर कारण दुसरीकडे शोधायचं.

दोन वाजता नांगर टाकला. तो धरेना. दोरी तीस वाव आणि पाणी अठरा वाव. दोरी खोलीच्या निदान तिप्पट हवी, म्हणजे नांगर आडवा पडून चिखलात रुततो. दुपटीहूनही कमी दोरीवर तो नुसता घसरत जातो. खाडीच्या तोंडाशी पुरणारी दोरी घेऊन मी अठरा वावात मासेमारी करत होतो. साठ वाव दोरी आणि तिला दोन वाव साखळी असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मग काकांनी जाळ्याचा निम्मा भाग नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, पाण्यात सोडायला लावला आणि त्याची दोरी नाळेला बांधली. जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहिलं आणि बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळलं. आडवी डोलत होती ती बोट सरळ झाली, आणि वाहण्याचा वेग निम्म्यावर आला. मुकादमाला जाळ्याची काळजी असते, पण अशा वेळी ते सोडायला कचरू नका. मोठ्या जहाजांच्या वाटेवर असाल तर मात्र एकाने टॉर्च हातात धरून पहारा द्यायलाच हवा.

आता ती चूक, जिच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय.

वायरलेस बंद पडण्याआधी मी जीपीएसवरची जागा कागदावर लिहून घेतली होती: १७ अंश ४५ मिनिटं उत्तर, ७२ अंश ४५ मिनिटं पूर्व. अडीच वाजता नाळेवर उभं राहून मोबाईलला एक काडी रेंज मिळाली. पुतण्याला फोन लावला आणि घाईत म्हणालो, "सतरा पंचेचाळीस, बहात्तर पंचेचाळीस." फोन तुटला. त्याने मोबाईलच्या नकाशात टाकलं:

```
17.45, 72.45
```

मोबाईलचा नकाशा दशांशात वाचतो. ४५ मिनिटं म्हणजे ४५ भागिले ६०, म्हणजे ०.७५. खरी जागा अशी टाकायला हवी होती:

```
17.75, 72.75
```

अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. 17.45 म्हणजे १७ अंश २७ मिनिटं, आमच्यापेक्षा अठरा मैल दक्षिणेला, गुहागरच्या समोर. रेखांशातही तसंच, आणखी सतरा मैल पश्चिमेला. तीन वाजता आमच्या शेजारच्या तांडेलाची बोट आम्हाला आणायला निघाली ती या चुकीच्या जागेकडे.

सव्वापाचला दक्षिणेला एक बोट दिसली, साधारण तीन मैलांवर, नैऋत्येला जात होती. आम्ही काठीला लाल बनियन बांधून हलवलं, पत्र्याचा डबा उन्हात चमकवला. ती तशीच पुढे गेली. नंतर वेळ आणि दिशा जुळवून पाहिली, तर ती आम्हालाच शोधायला निघालेली बोट होती. फायबरची बुटकी बोट लाटांमध्ये तीन मैलांवरून दिसत नाही. पण पाच वॉटचा हातातला व्हीएचएफ वायरलेस असता तर तीन मैलांवरून चॅनेल १६ वर बोलणं झालं असतं. तो आता माझ्याकडे आहे. प्लास्टिकच्या पिशवीत, चार्ज केलेला, तांडेलाच्या गळ्यात. खोक्यात नाही.

अंधार पडला. पिण्याचं पाणी दहा लिटर उरलं होतं. माणशी दर तीन तासांनी एक कप असं ठरवलं आणि काकांनी स्वतः मोजून दिलं. बर्फ वितळून खाली जमलेलं पाणी माशाच्या रक्ताचं होतं, त्याला कोणी हात लावायचा नाही असं आधीच सांगितलं. सगळ्यात लहान खलाशी एकोणीस वर्षांचा. तो काही बोलत नव्हता, म्हणून त्याला काकांच्या बाजूला बसवलं आणि जाळ्याच्या दोरीवर लक्ष ठेवायचं काम दिलं. दोरी जिथे नाळेवर घासते तिथे गोणपाट गुंडाळायचं आणि दर तासाला दोरी थोडी सरकवायची. रात्रभर त्याने ते चोख केलं.

मोबाईल एकच चालू ठेवला होता, बाकी चार बंद. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की रेंज नसली तरी मोबाईलमधलं जीपीएस चालतं, नकाशाचं चित्र नाही आलं तरी आकडे येतात. रात्री पावणेदहाला आकडे घेतले: 17.692, 72.808. या वेळी फोन लावत बसलो नाही, मेसेज लिहून ठेवला आणि पाठवत राहिलो, कारण तुटक्या रेंजमध्ये बोलणं होत नाही पण मेसेज निघून जातो. आकड्यांखाली शब्दांतही लिहिलं: "हर्णैच्या पश्चिमेला, थोडं दक्षिणेला, साडेसतरा मैल. पाच माणसं, सगळे बरे." आठव्या प्रयत्नात गेला. त्या शब्दांमुळेच घरच्यांना दुपारचा घोटाळा कळला. गुहागरसमोरचा टिंब हर्णैच्या पश्चिमेला बसेना.

निरोप मधल्या बोटींच्या वायरलेसवरून त्या तांडेलापर्यंत पोचला. त्यांचं पुढचं डोकं शिकण्यासारखं आहे. पावणेदहाची जागा मिळाली म्हणून ते तिथेच आले नाहीत. दुपारचा वारा वायव्येचा असतो, तो बोटीला आग्नेयेला, किनाऱ्याकडे ढकलतो. रात्री अकरानंतर मतलई सुटते, ती ईशान्येकडून येते आणि तीच बोट परत नैऋत्येला, खोल पाण्यात नेते. त्यांनी तासाला अर्धा मैल धरून पहाटेपर्यंतचे तीन-साडेतीन मैल नैऋत्येला मोजले आणि तिथे शोध सुरू केला. साडेसहाला, तांबडं फुटताना, त्यांचा दिवा दिसला.

ओढून आणताना पंचवीस वाव जाड दोरी घेतली, मधे जुना टायर अडकवला, म्हणजे लाटेवर हिसका बसत नाही. दोरी आमच्या नाळेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना वाटून बांधली, एका खुंटीवर सगळा भार नको. वेग चार मैल, त्याच्या वर नाही. सुकाणूवर आमचा माणूस पूर्ण वेळ, नाहीतर मागची बोट आडवी पळते. दोरीच्या रेषेत कोणालाही बसू दिलं नाही, कारण ताणलेली दोरी तुटली तर चाबकासारखी मागे येते. वीसेक मैलांना पाच तास लागले. बारा वाजून गेल्यावर हर्णैला लागलो. मासळी गेली होती.

पहिला फोन मी घरी केला, ही आणखी एक चूक. तो तटरक्षक दलाच्या १५५४ वर करायचा, नाहीतर सागरी पोलिसांच्या १०९३ वर, आणि मग घरी. जागा सांगताना "अंश" आणि "मिनिटं" हे शब्द उच्चारायचेच, आणि समोरच्याकडून एकदा परत वदवून घ्यायची. बोटीच्या जीपीएसजवळ मी आता पत्र्यावर रंगाने लिहून ठेवलंय: "मिनिटं भागिले साठ." पुतण्याने तेच घरी भिंतीवर लिहिलं आहे.

मिस्त्रीने टाकी खोलली तेव्हा तळातून साडेतीन लिटर पाणी निघालं. झाकणाचं रबर चाळीस रुपयांना मिळालं. टाकीच्या तळाला आता नळ बसवलाय. दर फेरीच्या आधी, बोट रात्रभर स्थिर उभी राहिल्यावर, पहाटे इंजिन चालू करायच्या अगोदर त्यातून एक पेलाभर काढून बाटलीत बघतो. आधी चालू केलं तर पाणी घुसळून वर येतं आणि बाटलीत काही दिसत नाही. गेल्या मंगळवारी अर्धं बोट पाणी निघालं, गोडं. ड्रम बदलला आणि मग निघालो.