ससा, बदक आणि स्टीलचा डबा

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. पलीकडच्या खोलीत भाचा मोबाइलवर जुनं कार्टून लावून बसला होता. मला चित्र दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. ससा आणि बदक भांडत होते. सध्या मोसम सशाच्या शिकारीचा की बदकाच्या, हा वाद. डोळे मिटलेले होते म्हणूनच असेल, पण एकदम जाणवलं की भांडण दोघांचं आहे आणि घसा एकाचाच आहे.

ससा बग्ज बनी आणि बदक डॅफी डक, दोघांचेही आवाज मेल ब्लँक या एकाच नटाचे. हे मला वाचून ठाऊक होतं, कानाला पटलं त्या दुपारी.

नव्वदीत केबलवर दिवसभर कार्टून लागायची आणि रात्री त्याच चॅनेलवर जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, तेव्हा आम्ही हे सगळं पाहिलं होतं. तोंडातलं अर्धंअधिक इंग्रजी कळायचं नाही. त्यामुळे आम्ही आवाजच ऐकायचो, आणि प्रत्येक आवाजामागे एक वेगळा माणूस बसलाय असं धरून चालायचो. इतके प्राणी, म्हणजे इतकी माणसं.

भाचा बघत होता ते ‘रॅबिट फायर’, 1951 चं, चक जोन्सने दिग्दर्शित केलेलं. त्यात एक जागा आहे. ससा बदकाचं सोंग घेतो आणि बदक सशाचं. आता ससा बदकाच्या आवाजात बोलायला हवा, पण आत ससाच आहे हे आपल्याला ऐकू यायला हवं. बदकाचंही तसंच. म्हणजे ब्लँकने सशाच्या घशातून बदकाची नक्कल करायची आणि बदकाच्या घशातून सशाची. चार आवाज झाले हे, माणूस एक. अशा फिल्मांत संवाद आधी मुद्रित होत आणि चित्रं नंतर त्यावर बेतत, त्यामुळे समोर बघायला ससाही नाही नि बदकही नाही. नुसता कागद आणि माईक.

आणि ज्याच्यापुढे हे भांडण चाललेलं असतं तो शिकारी, एल्मर फड? तो मात्र ब्लँक नाही. तो आर्थर क्यू. ब्रायन. रेडिओवरचा नट, गोल, मऊ आवाजाचा. ‘र’च्या जागी ‘व’ म्हणणारा, ‘रॅबिट’चं ‘वॅबिट’ करणारा. 1940 पासून 1959 साली वारेपर्यंत एल्मर बहुतेक त्यानेच बोलला. फिल्मच्या सुरुवातीच्या पाटीवर त्याचं नाव नाही. तिथे आवाजासाठी एकच नाव असतं, मेल ब्लँक.

याच पाटीने आमच्या सोसायटीच्या गणपतीत माझा घात केला. प्रश्नमंजूषा होती. घेणारे काका निवृत्त बँकवाले, हातात कार्डांचा गठ्ठा, आवाजात करडेपणा. प्रश्न आला, एल्मर फडचा आवाज कोणाचा? माझा हात वर. म्हटलं, आर्थर क्यू. ब्रायन. काकांनी कार्ड उलटवून पाहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “चूक. मेल ब्लँक. पुढचा गट.” मी बसल्या जागेवरून दोन वाक्यं बोलायला गेलो तर बायकोने शर्टाचं टोक ओढलं.

काकांची चूक नाही, खरं म्हणजे. चूक त्या पाटीची. ब्लँक स्वतः सांगायचा त्याप्रमाणे, त्याने स्टुडिओच्या मालकाकडे पगारवाढ मागितली. मालक म्हणाला पैसे मिळणार नाहीत. मग ब्लँक म्हणाला, निदान नाव तरी द्या. नाव मिळालं. चाळीसच्या दशकाच्या मध्यापासून ते पडद्यावर दिसू लागलं, बाकीच्यांचं वर्षानुवर्षं नाहीच. ट्वीटी या पिवळ्या पक्ष्याची म्हातारी मालकीण आधी बी बेनाडेरेट बोलायची, नंतर जून फोरे. पाटीवर बरीच वर्षं दोघीही नाहीत. प्रश्न काढणारा पाटी वाचतो आणि सगळं पीक एकाच्या सातबाऱ्यावर चढवतो.

आमच्या घरात हेच चालायचं. लँडलाइन होता, डिरेक्टरीत नाव बाबांचं. मी, धाकटा भाऊ आणि बाबा, तिघांचाही आवाज फोनवर एकसारखा. कोणीही उचलला तरी पलीकडचा थेट “साहेब, ते फाईलचं काय झालं?” असं सुरू करायचा. भाऊ कधीकधी शांतपणे “बघतो, उद्या कळवतो” म्हणून ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाबांना हिशोब द्यावा लागायचा. नाव एकाचं, घसे तीन. कार्टूनमध्ये उलटंही होतं, घसा एक आणि नावं दहा, आणि दोन्ही घोटाळे एकाच फिल्ममध्ये. मग चुकणार नाही तर काय.

शिवाय प्रश्नच अर्धा असतो. ‘पोर्की पिगचा आवाज कोणाचा?’ असं विचारून भागत नाही, कोणत्या सालच्या फिल्ममधला ते सांगावं लागतं. 1935 साली तो जो डॉगर्टीचा होता, आणि डॉगर्टी खरोखरच बोलताना अडखळायचा. अडखळणं त्याच्या हातात नव्हतं, मुद्रण लांबत जायचं, खर्च वाढायचा. 1937 मध्ये ते डुक्कर ब्लँककडे आलं, आणि ब्लँक हवं तेवढंच अडखळायचा. उत्तरं दोन, दोन्ही बरोबर. कार्डावर जागा एकाची.

कानावर विसंबावं तर तोही फसतो. डॅफी बदक आणि सिल्व्हेस्टर बोका, दोघेही थुंकी उडवत ‘स’ म्हणणारे. आवाज जवळजवळ एकच, फक्त डॅफीचा मुद्रणानंतर जरा जास्त वेगाने चालवलेला, म्हणून सूर चढलेला. मी मोबाइलवर डॅफीचा वेग कमी करून पाहिला. बोका काही निघाला नाही, कारण हल्लीचे प्लेअर वेग बदलला तरी सूर तसाच ठेवतात. त्याला आमचा जुना टेपरेकॉर्डर हवा होता. सेल उतरले की लताबाईंचं गाणं एखादा जड बुवा गातोय असं वाटायचं, त्यात बदकाचा बोका नक्की झाला असता.

1961 च्या जानेवारीत ब्लँकच्या गाडीला भीषण अपघात झाला. दोन आठवडे तो बेशुद्ध होता. नावाने हाका मारल्या तरी हूं की चूं नाही. मग एका डॉक्टरने विचारलं, बग्ज बनी, आज कसं वाटतंय? आणि खाटेवरून सशाच्या आवाजात उत्तर आलं. त्या काळात ‘फ्लिंटस्टोन्स’ या कार्टून मालिकेतला बार्नी, एरवी ब्लँकचा, काही भागांत डॉज बटलरने बोलून दिला, म्हणजे अजून एका कार्डावर चूक होणार. पण मला त्या खाटेजवळच्या क्षणाचं राहून राहून आश्चर्य वाटतं. ‘मेल’ म्हटल्यावर कोणी ओ दिली नाही.

यंदाच्या गणपतीत पुन्हा प्रश्नमंजूषा झाली. काका तेच, गठ्ठाही तोच असावा, कारण एल्मर फड परत आला. मी हात वर केला. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. बायकोने शर्टाचं टोक आधीच धरून ठेवलं होतं.

मी म्हटलं, मेल ब्लँक.

स्टीलचा डबा मिळाला. झाकण जरा घट्ट बसतं, पण पोहे चांगले राहतात.